ऑपरेशनचं दुखणं का गोळीचं दुखणं?

"आईचा मिरजेत गुडघा बदलला. ट्रामाडॉल ५० ची कॅप्सूल दिवसाला तीन, पाच दिवसच दिली होती, पण दुखतंय म्हणून आम्ही पाच आठवडे आणत राहिलो. बंद केली तर दुसऱ्याच रात्री पाय तळमळायला लागले, झोप नाही. सांधा बिघडला का?" (तासगाव)

मला तरी सांधा बिघडल्यासारखा वाटत नाही, पण एकदा दाखवून घ्या, सूज ताप असेल तर लगेच. ऑपरेशनचं दुखणं एका जागी असतं, चाललं की वाढतं, बसलं की कमी होतं. तुम्ही लिहिलेलं तसं नाही, आणि आईंना विचारा, जांभया, नाकाला पाणी, अंगावर काटा, पातळ शी असलं काही होतंय का आणि गोळी घेतली की तासाभरात सगळं गायब होतंय का. तसं असेल तर शरीर गोळी मागतंय. आणि गंमत म्हणजे गोळीनं बरं वाटतं म्हणून घरातल्यांना वाटतं, बघा, गुडघाच दुखत होता!

"पण तीनच गोळ्या होत्या की, एवढ्यात व्यसन लागतं?" (कोरेगाव)

व्यसन म्हणू नका, आई काय चोरून खात नव्हत्या. मेंदूत जागं ठेवणारी, घाबरवणारी एक यंत्रणा असते, ट्रामाडॉलसारखी अफूच्या जातीची दुखण्यावरची औषधं तिला दाबून ठेवतात, मग मेंदू ती जास्त जोरात चालवायला लागतो म्हणजे हिशोब बरोबर राहतो. गोळी काढली की दाब जातो पण जोर तसाच राहतो, म्हणून घाम, धडधड, तळमळ. पाच दिवसांत हे सहसा होत नाही, दोन-तीन आठवडे रोज घेतलं की होऊ शकतं. ट्रामाडॉलचं तर दुहेरी आहे, ते काही डिप्रेशनच्या गोळ्यांसारखं मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावरही काम करतं, त्यामुळे बंद केल्यावर कुणाला बेचैनी, कुणाला अंगात करंट लागल्यासारखंही होतं. २०१८ पासून हे औषध नार्कोटिक्स कायद्याखाली आहे, तरी मेडिकलवाला ओळखीचा असला की जुन्या चिठ्ठीवर मिळतंच, हे आपलं दुखणं.

"मग सोडवायचं कसं?" (इस्लामपूर)

वरच्या आईंचंच घ्या. मी असतो तर आधी दुपारची काढली असती, सकाळ-रात्र एक आठवडा, मग फक्त रात्रीची एक आठवडा, मग बंद. रात्रीची शेवटी, कारण झोपेचाच खरा त्रास. मधे पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी, दुखल्यावर नाही, आणि व्यायामानंतर बर्फ. एखाद्या पायरीवर दोन-तीन दिवस जड जातात, ते चालतं. फारच झालं तर त्याच पायरीवर थांबायचं, परत तीनवर जायचं नाही. महिनोनमहिने घेणाऱ्यांचं मात्र याहून खूप हळू, महिन्याला दहावा हिस्सा वगैरे.

एसआर लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी अर्धी करू नका, औषध एकदम सुटतं. फिट्स येणाऱ्यांनी किंवा डिप्रेशनच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी हे घरी करूच नका, मूळ डॉक्टरकडे जा आणि किती कॅप्सूल घेतल्या ते खरं सांगा, कमी सांगितलं तर हिशोब सगळा चुकतो.