२ किलो ५० ग्रॅम म्हणजे २.५ किलो का नाही?

प्रश्न: मुलगी सहावीत आहे. २ किलो ५० ग्रॅम साखर ती २.५ किलो लिहिते, बाई चूक देतात. नेमकं काय चुकतंय?

उत्तर: २.५ किलो म्हणजे अडीच किलो, २ किलो ५०० ग्रॅम. तिची साखर त्यापेक्षा ४५० ग्रॅमने कमी आहे. किलोचे ग्रॅम १०००, म्हणून दशांश चिन्हानंतर ग्रॅमना तीन घरं लागतात: ५० ग्रॅम म्हणजे ०५०, उत्तर २.०५० किलो. शेवटचं शून्य गाळलं तरी चालतं, मधलं नाही. लीटर-मिलिलीटरलाही तीनच घरं. मीटरचे सेंटिमीटर मात्र १००, म्हणून तिथे दोन: ३ मीटर ५ सेंमी कापड म्हणजे ३.०५ मीटर.

वजाबाकीत ही चूक पटकन लपते. ५ लीटरच्या डब्यातून १ लीटर ७५ मिली तेल काढलं, उरलं किती? १.७५ धरलं तर ३.२५ लीटर येतं, आणि ते दिसायला अगदी बरोबर वाटतं! आधी सगळं मिलिलीटरमध्ये करायला सांगा: ५००० − १०७५ = ३९२५, म्हणजे ३ लीटर ९२५ मिली. पाऊण लीटर म्हणजे ७५० मिली हे तिला माहीत असेलच; ७५ मिली त्याचा दहावा भाग.