सूर गळ्यात, ‘आ’ तोंडात: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

‘सा’वर ‘आ’ लावला काय किंवा ‘प’वर लावला काय, ‘आ’ तसाच राहतो. सूर गळ्यात तयार होतो हे कळतं, मग ‘आ’ कुठे तयार होतो? (गाणं शिकणारी वाचक, सांगली)

गळ्याच्या वर, घसा आणि तोंड मिळून जी वाकडी नळी होते तिच्यात. समजा तुमचा षड्ज काळी चारचा आहे. तो मंद्राकडचा काळी चार धरला तर स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०८ वेळा मिटतात आणि उघडतात. दर वेळी मिटताना ते हवेचा झोत तोडतात. या तुटण्यातून फक्त २०८ हर्ट्झ निघत नाही, तर त्याच्या पटीतले ४१६, ६२४, ८३२, १०४०, १२४८ असे सगळे ध्वनी एकदम निघतात. वर जावं तसे ते क्षीण होत जातात. कंपनसंख्या दुप्पट झाली की साधारण १२ डेसिबलनी उतरतात. डोकं बाजूला ठेवून नुसते स्वरतंतू ऐकता आले असते, तर एक निर्जीव भुणभुण ऐकू आली असती. तिच्यात ‘आ’ नसतो आणि ‘ई’ही नसते.

ही भुणभुण नळीत शिरते. प्रत्येक नळीला काही ठरावीक कंपनसंख्या आवडतात. त्यांच्या आसपासचं ती जोरात बाहेर सोडते आणि बाकीचं दाबते. नळीच्या या आवडीच्या जागांना ‘फॉर्मन्ट’ म्हणतात. प्रौढ पुरुषाची नळी साधारण साडेसतरा सेंटिमीटरची असते, स्वरतंतूंकडे बंद आणि ओठांकडे उघडी. ती आतून सगळीकडे सारख्या रुंदीची मानली तर फॉर्मन्ट ५००, १५०० आणि २५०० हर्ट्झला येतात. ‘मग’ म्हणताना ‘म’नंतर येणारा साधा ‘अ’ याच्या जवळचा आहे. ‘आ’साठी जीभ खाली आणि मागे जाते, घसा अरुंद होतो, तोंड मोकळं होतं. त्यामुळे पहिला फॉर्मन्ट वर चढतो आणि दुसरा खाली येतो. बाईच्या ‘आ’त ते ढोबळमानाने ८५० आणि १२२० च्या आसपास सापडतात.

आता हिशोब करा. ‘सा’वर तुमच्या भुणभुणीतला चौथा ध्वनी ८३२ ला आहे, सहावा १२४८ ला. दोन्ही फॉर्मन्टच्या अगदी जवळ, म्हणून ते उठून येतात. ‘प’वर मूळ कंपनसंख्या ३१२ झाली. पटी आल्या ३१२, ६२४, ९३६, १२४८. या वेळी तिसरा आणि चौथा उठून आले. उठणारे ध्वनी बदलले, पण ते जिथे उठतात त्या जागा हलल्या नाहीत. कान त्या जागा ओळखतो, म्हणून ‘आ’ तोच वाटतो. नळी स्वतःहून काही निर्माण करत नाही. जे खालून येतं त्यातलं काय ठेवायचं एवढंच ती ठरवते.

हे नुसतं गणित आहे, की कुणी नळी करून पाहिली आहे?

करून पाहिली आहे, आणि फार पूर्वी. १७७९ च्या सुमारास क्रात्झेनस्टाइन यांनी सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीच्या पारितोषिकासाठी वेगवेगळ्या आकारांचे पोकळ अनुनादक बनवून स्वर काढून दाखवले. पुढे जपानमध्ये चिबा आणि काजियामा यांनी घशातोंडाच्या आतल्या रुंदीची मापं घेतली आणि १९४१ मध्ये आपलं काम प्रसिद्ध केलं. स्वीडनच्या गुन्नार फान्ट यांनी १९६० मध्ये या सगळ्याला पक्कं गणित दिलं. चिबा-काजियामांच्या मापांवरून टोकियोच्या सोफिया विद्यापीठात ताकायुकी अराई यांनी पारदर्शक नळ्या तयार केल्या आहेत. खालून एकच भुणभुण सोडायची आणि नळी बदलायची, की स्वर बदलतो.

कुजबुजताना गळा कंप पावत नाही. तरी ‘ई’ आणि ‘ऊ’ वेगळे कसे कळतात?

भुणभुणीच्या जागी दुसरं काहीतरी नळीत शिरतं म्हणून. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, त्यांच्यामधल्या फटीतून हवा फुसफुसत जाते. या फुसफुशीत पटीबिटी नसतात, सगळ्या कंपनसंख्या थोड्या थोड्या असतात. नळीचं काम मात्र तेच राहतं. उलट कुजबुजीत ते जास्त स्पष्ट ऐकू येतं, कारण मध्ये सूर येत नाही. आत्ता करून पाहा: सूर न लावता ‘ई-ऊ-ई-ऊ’ कुजबुजा. काहीतरी वर-खाली जाताना ऐकू येईल. तो दुसरा फॉर्मन्ट. पुरुषाच्या तोंडात तो ‘ई’ला २३०० च्या आसपास असतो, ‘ऊ’ला ९०० च्या खाली.

पहिला फॉर्मन्टही ऐकता येतो. श्वास गळ्यात रोखून धरा, तोंडाचा आकार ‘ई’चा करा आणि गळ्याच्या बाजूला बोटाने हलकी टिचकी मारा. मग आकार ‘आ’चा करून पुन्हा मारा. दुसरा आवाज स्पष्टपणे उंच येतो, कारण पहिला फॉर्मन्ट सुमारे ३०० वरून ७०० पर्यंत चढला.

एक मर्यादा सांगायला हवी. गळा आणि नळी एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र मानणं ही सोय आहे. कुजबुजताना फट उघडी असल्याने खालच्या श्वासनळीचाही परिणाम होतो आणि पहिला फॉर्मन्ट थोडा वर सरकतो. स्वर ओळखण्याइतपत मात्र ही सोय चांगली टिकते.

तार सप्तकात गाणारीचे शब्द कळत नाहीत. उच्चार चुकतात का?

बहुतेकदा तिचा दोष नसतो. बाईच्या ‘ई’चा पहिला फॉर्मन्ट सुमारे ३१० ला असतो. ती ६०० हर्ट्झवर गात असेल तर सगळ्यात खालचा ध्वनीच ६०० ला आहे. ३१० जवळ उठवायला काही उरतच नाही. मग आवाजही बारीक पडतो. म्हणून गायिका नकळत जबडा उघडते आणि पहिला फॉर्मन्ट वर ओढून सुराजवळ आणते. योहान सुंडबर्ग यांनी पाश्चात्त्य सोप्रानो गायिकांमध्ये हे तपासून दाखवलं. आवाज भरतो, पण जबडा उघडल्याने ‘ई’ ‘ए’कडे आणि पुढे ‘आ’कडे झुकते. १००० हर्ट्झला तर पटी १०००, २०००, ३००० इतक्या विरळ असतात, की नळीचा आकार त्यांच्यातून कळणं जवळपास अशक्य. त्या उंचीवर शब्द स्पष्ट हवेत असा हट्ट धरला तर नुकसान आवाजाचं होतं.

सहा वर्षांच्या मुलीची ‘ई’ Praat या ध्वनी मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मोजली. पहिला फॉर्मन्ट दर वेळी वेगळा येतो आणि मूळ कंपनसंख्येशी जुळतो. माझं काय चुकतंय? (भाषाविज्ञानाची विद्यार्थिनी)

तुम्हाला आलेला आकडा फॉर्मन्टचा नसावा, भुणभुणीतल्या एका पटीचा असावा. मुलीचा आवाज ३३० हर्ट्झचा असेल तर पटी ३३०, ६६०, ९९० अशा दूर दूर पडतात. फॉर्मन्ट ३७० ला असला तरी प्रोग्रॅमला तिथे कळस दिसत नाही. जवळचा ३३० दिसतो आणि तो तिथेच जाऊन बसतो. ओळखायची खूण सोपी आहे: सूर बदलला की आकडाही त्याच्याबरोबर सरकतो. खरा फॉर्मन्ट सरकत नाही.

आधी Formant ceiling, म्हणजे फॉर्मन्ट किती हर्ट्झपर्यंत शोधायचे ती मर्यादा, तपासा. ५५०० हे मूल्य प्रौढ स्त्रियांसाठी ठीक आहे, लहान मुलांसाठी ते ८००० पर्यंत वाढवावं लागतं. त्याने वरचे फॉर्मन्ट जागेवर येतील, पण पहिल्याचा प्रश्न राहील. त्यासाठी मुलीला ‘ई’ लांबवत आवाज उंच सुरावरून हळूहळू खाली आणायला सांगा. पटी फॉर्मन्टवरून घसरत जातात, आणि ज्या क्षणी एखादी पटी सगळ्यात जोरात येते, त्या क्षणी ती फॉर्मन्टवर असते. तिला तीच ‘ई’ कुजबुजायलाही सांगा आणि तीही मोजा. तो आकडा थोडा वरचा येईल, त्यामुळे तो उत्तर म्हणून लिहू नका, पडताळणीसाठी शेजारी ठेवा.