मथळ्यांसाठी थीमॅटिक की डिस्कोर्स?

तू ठाण्याच्या दिवा भागातल्या पाडकामाचे दोनशे मथळे जमवलेस, छान. आता थीमॅटिक की डिस्कोर्स, ही विश्लेषणाची पद्धत आधी ठरवू नकोस, हे दोन मथळे शेजारी ठेव (मी रचलेत):

‘दिव्यात अनधिकृत इमारतीवर हातोडा’
‘पालिकेने चाळीस कुटुंबांना बेघर केले’

थीमॅटिक विश्लेषणात, म्हणजे सारख्या मुद्द्यांना एकच लेबल किंवा ‘कोड’ देऊन गट पाडताना, दोन्हींना बहुधा ‘पाडकाम’ हा कोड लागेल आणि फरक तिथेच हरवेल. डिस्कोर्स विश्लेषण, म्हणजे शब्दरचना काय दाखवते आणि काय लपवते हे बघणं, विचारतं, हातोडा कुणी मारला? पहिल्या मथळ्यात क्रियापदच नाही, कर्ताही नाही. ‘अनधिकृत’ हे विशेषण इमारतीला लागलं आणि राहणारी माणसं गायब झाली.

तुझा प्रश्न ‘वर्षभरात कोणते मुद्दे आले’ असा असेल तर थीमॅटिक घे, दोनशेही चालतील. ‘दोष कुणावर ढकलला’ असा असेल तर वीस-तीसच निवड आणि शब्दन्‌शब्द वाच.

एक सावधगिरी. कर्ता गळाला की लगेच हेतू चिकटवू नकोस. कधी कधी उपसंपादकाकडे जागाच नसते. (मीही पहिल्या प्रबंधात इथेच आपटलो.) बातमीचा पहिला परिच्छेद बघ. तिथेही पालिका नसेल, आणि त्याच दैनिकाच्या फेरीवाल्यांवरच्या तेवढ्याच लांबीच्या मथळ्यांत कर्ता ठसठशीत असेल, तर तुझ्या दाव्याला आधार आहे.