अडखळण्याची जागा कर्ता आणि क्रियापदाच्या मध्ये आहे

«मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातली, जीएनएम झालेली नर्स आहे. आयईएलटीएसमध्ये वाचन आणि ऐकणे ठीक जाते. बोलताना मात्र मनात आधी मराठी वाक्य तयार होते, मग त्याचे इंग्रजी करते आणि मध्ये लांब शांतता पडते. स्पीकिंगला ५.५ आले, ७ हवेत. सगळे म्हणतात, ‘इंग्रजीत विचार कर.’ पण तो करायचा कसा?»

तुमची पोस्ट वाचताना मला माझीच जुनी गुणपत्रिका समोर दिसली. मीही याच पट्ट्यातली, नर्सच, आणि स्पीकिंगला माझेही ५.५ होते. परीक्षेचे तीन भाग आणि त्यांच्या वेळा तुम्हाला ठाऊक असणार, म्हणून त्यांत शिरत नाही. मी परीक्षक नाही आणि शिक्षिकाही नाही. पुढचे सगळे स्वतःवर आणि नंतर काही सहकाऱ्यांवर करून पाहिलेले आहे, एवढे लक्षात ठेवून वाचावे.

‘इंग्रजीत विचार कर’ हा सल्ला मला निरुपयोगी वाटतो, कारण मराठीत वाढलेल्या माणसाला विचाराची भाषा हुकमाने बदलता येत नाही. पण बोलण्यासाठी आधी वाक्यात विचार करावाच लागतो, असेही नाही. आजोबा पहाटे बैलांना चारा टाकत आहेत हे चित्र डोळ्यांसमोर येते, तेव्हा त्याला कोणतीच भाषा नसते. आपण त्या चित्राचे आधी नीटनेटके मराठी वाक्य करतो आणि मग ते वाक्य उलगडून इंग्रजीत बसवू पाहतो. काढून टाकायचे आहे ते हे मधले वाक्य, मराठी नव्हे.

हे वाक्य इतके महागात का पडते, ते क्रियापदाच्या जागेवरून कळते. मराठीत क्रियापद शेवटी येते, तर इंग्रजीत ते कर्त्यानंतर लगेच येते. समजा क्यू कार्डवर तुम्हाला आवडणाऱ्या एखाद्या वयस्कर व्यक्तीबद्दल बोलायचे आहे आणि मनात वाक्य तयार झाले: ‘माझे आजोबा कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटे उठून, बैलांना चारा टाकून, मजुरांना बोलवायला गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचे.’ मराठी म्हणून वाक्य उत्तम आहे. त्याचे इंग्रजी करायला निघालात की ‘माय ग्रँडफादर’ सहज बाहेर पडते आणि तिथेच गाडी अडते, कारण आता लागणारे क्रियापद मनातल्या वाक्याच्या अगदी टोकाला आहे आणि तिथवर पोचेपर्यंत वेचणी, उठून, टाकून हे सगळे डोक्यात धरून ठेवावे लागते. मग तोंड वेळ काढण्यासाठी ‘इज’ म्हणते. ‘माय ग्रँडफादर इज… इन कॉटन डेज… अर्ली मॉर्निंग…’ असे तुकडे पडतात आणि शेवटी क्रियापद येते तेव्हा आधीच्या ‘इज’शी त्याचे जमत नाही, म्हणून पुन्हा मागे जावे लागते. त्यामुळे प्रवाहाचेही आणि व्याकरणाचेही गुण जातात. माझ्या अनुभवात मराठी माणसाच्या बोलण्यातली बरीचशी शांतता या एकाच जागी असते.

तुमची शांतता याच प्रकारची आहे का, हे आधी तपासा. फोनवर दोन मिनिटांचे बोलणे रेकॉर्ड करा, ऐकताना बोललेले शब्द जसेच्या तसे कागदावर उतरवा आणि जिथे थांबलात तिथे तिरकी रेघ मारा. रेघा वाक्याच्या किंवा उपवाक्याच्या शेवटी असतील तर फारशी काळजी नको, कारण ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही तिथे श्वास घेतात. रेघा कर्त्यानंतर, ‘द’नंतर, ‘इज’नंतर पडत असतील आणि पुढचे शब्द मराठी क्रमाने येत असतील, तर तिथे भाषांतर चालले आहे. आयईएलटीएसच्या जाहीर केलेल्या गुणवर्णनातही हा भेद दिसतो. वरच्या बँडला माणूस अडखळतो तो मुख्यतः काय सांगावे या विचाराने, शब्द शोधण्यासाठी क्वचितच. खालच्या बँडला भाषेसाठीच थांबावे लागते. म्हणजे निव्वळ थांबल्याचे गुण जात नाहीत, कशासाठी थांबलात हे पाहिले जाते.

आता ज्याने माझे सर्वाधिक नुकसान केले ते सांगते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या ज्या क्लासला मी जात होते, त्याचे नाव घेणार नाही. तिथे प्रत्येकाला वही करायला लावत. डाव्या पानावर प्रश्नाचे उत्तर छान मराठीत लिहायचे, उजव्या पानावर त्याचे इंग्रजी. सर उजवे पान लाल पेनाने तपासत आणि साध्या शब्दाच्या जागी जड शब्द घालून देत. डाव्या पानाबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. उलट विचार पक्का झाला म्हणून त्याचे कौतुक होई. या पद्धतीने लेखन थोडे सुधारले असेलही, पण बोलण्यासाठी ती घातकच होती. प्रश्न कानावर पडताच डावे पान उघडायचे, ही सवय महिनोन्‌महिने पैसे भरून पक्की केली गेली. परीक्षा झाल्यावर तोच क्लास म्हणाला की परीक्षक कडक होता, फेरतपासणी टाका. फी भरली, गुण तेच राहिले आणि फी परत मिळाली नाही, कारण ती गुण बदलले तरच परत मिळते. फेरतपासणीत तेच रेकॉर्डिंग दुसरा परीक्षक ऐकतो. त्यात शांतता असेल तर ती त्यालाही ऐकू येणारच, एवढे तरी त्यांनी सांगायला हवे होते. मग सल्ला आला की संगणकावर बोलायची पीटीई द्या, तिथे समोर माणूस नसतो. तिथे तुम्ही तीन सेकंदांहून अधिक गप्प राहिलात तर रेकॉर्डिंग बंद होते, हे मला नंतर स्वतःच वाचून कळले. लांब थांबणाऱ्याला हा उपाय सुचवणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पाठवणे आहे. असो, राग अजून गेलेला नाही, म्हणून एवढे लिहिले.

उपायाचा गाभा असा की चित्र दिसले की पहिल्या श्वासात फक्त कर्ता आणि क्रियापद बोलायचे; वेळ, जागा, कारण हे सगळे नंतर. आजोबांच्याच प्रसंगात: ‘माय ग्रँडफादर गॉट अप बिफोर फाइव्ह. ही फेड द बुलक्स. देन ही वॉक्ड टू द अदर एंड ऑफ द व्हिलेज, बिकॉज द कॉटन पिकर्स लिव्ह्‌ड देअर.’ मराठीतले एक लांब वाक्य इथे तीन झाले आहे आणि प्रत्येकात क्रियापद दुसऱ्याच पावलाला आलेले आहे. उठून, टाकून, जाऊन अशी साखळी मराठीला शोभते. इंग्रजीत बोलताना ती तोडावीच लागते. सुरुवातीला आपले इंग्रजी फार बाळबोध वाटते आणि वाटू द्यावे. शांतता गेली की मग ‘बिकॉज’, ‘हू’, ‘व्हिच’ लावून वाक्ये जोडता येतात. पण जोडायचे ते क्रियापद बोलून झाल्यावर, बोलण्याआधी नव्हे. ७ बँडसाठी हे जोडणे लागतेच. नुसत्या तुटक वाक्यांवर तिथे पोचता येत नाही.

क्यू कार्डनंतर मिळणाऱ्या एका मिनिटात काय लिहिता, ते एकदा पाहा. मी ‘आजोबा, पहाट, चारा, मजूर’ असे लिहीत असे. कागदावर मराठी शब्द पडला की मराठी वाक्याला आयते बोलावणे जाते. त्याऐवजी इंग्रजीत कर्ता-क्रियापदाच्या तीन-चार जोड्या लिहाव्यात: ही गॉट अप, ही फेड, आय वॉच्ड, वी ऑल एट. इंग्रजी क्रियापद आठवत नसेल तर मराठी शब्द न लिहिता दोन रेघांचे चित्र काढावे. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण मला सर्वांत जास्त फायदा यानेच झाला.

एखादा शब्दच अडला तर त्याचे इंग्रजी शोधत थांबू नये, ती वस्तू काय करते ते सांगावे. सालगडी म्हणायचे असेल तर ‘अ मॅन हू वर्क्स ऑन अवर फार्म फॉर द होल इयर’ पुरेसे आहे. शब्द माहीत नसताना अर्थ पोचवणे हे शब्दसंपत्तीच्या निकषात कौशल्य म्हणूनच धरले जाते, त्यामुळे त्याची लाज वाटण्याचे कारण नाही.

सरावासाठी मी भाषाशिक्षणात फार पूर्वीपासून वापरात असलेली ४-३-२ ही रीत घेतली. एकच गोष्ट तीन वेगळ्या श्रोत्यांना सांगायची. पहिल्याला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. आपल्याला पार्ट टूला दोनच मिनिटे बोलायचे असते, म्हणून मी तीन, दोन आणि दीड अशी उतरती वेळ ठेवली. खेड्यात तीन इंग्रजी श्रोते कुठून आणणार? मी फोनसमोर बोलत असे. मधल्या वेळात काहीही लिहायचे नाही आणि पाठ करायचे नाही, ही अट मात्र मोडू नये. पहिल्या फेरीत शब्द शोधावे लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत ते हाताशी असतात आणि वेळ इतका कमी असतो की मराठी वाक्य रचायला सवडच मिळत नाही. तिसऱ्या फेरीचे रेकॉर्डिंग पुन्हा उतरवून रेघा कुठे सरकल्या ते पाहावे. त्या वाक्यांच्या टोकाला गेल्या असतील तर काम होत आहे. मोठ्याने वर्तमानपत्र वाचण्याचा सल्लाही पुष्कळ जण देतात. त्याने उच्चार मोकळे होतील, पण वाक्य रचण्याचे काम लेखकाने आधीच केलेले असते, त्यामुळे या दुखण्यावर तो उपाय नाही.

या रीतीची मर्यादाही आहे. पार्ट थ्रीमध्ये ‘तरुण शेती का सोडत आहेत’ असा प्रश्न आला तर डोळ्यांसमोर चित्र येत नाही. तिथे मी प्रश्न आपल्या गावातल्या एका माणसावर आणत असे. शेजारच्या वावरातला मुलगा पुण्याला गेला, का गेला, आणि मग तसेच किती तरी जण का जातात. माणूस आला की चित्र येते आणि चित्र आले की क्रियापद सापडते. मात्र शेवटी उत्तर एका मुलावरून सर्वसाधारण मुद्द्यावर न्यावेच लागते, कारण हा भाग त्यासाठीच असतो. प्रश्न ऐकून क्षणभर विचार केला तर बिघडत नाही. ‘दॅट्स अ व्हेरी इंटरेस्टिंग क्वेश्चन’ हे दर उत्तराआधी म्हणणे मात्र टाळा. पाठ केलेले वाक्य लगेच ओळखू येते आणि त्यामागोमाग पुन्हा शांतता आली की ते अधिकच उघडे पडते.

एक बाजूची गोष्ट. परीक्षा संगणकावर दिली असेल आणि बाकीचे गुण पुरेसे असतील, तर फक्त स्पीकिंग पुन्हा देण्याची सोय आता आहे. पण असा निकाल प्रत्येक संस्था स्वीकारतेच असे नाही, म्हणून पैसे भरण्याआधी जिथे नोंदणी करायची आहे तिथे लेखी विचारून घ्या. आधी दोन मिनिटांचे रेकॉर्डिंग उतरवा आणि रेघा कर्त्यानंतर जास्त पडतात की वाक्याच्या शेवटी, ते इथे कळवा. वाक्याच्या शेवटीच पडत असतील तर तुमचे दुखणे माझ्यापेक्षा वेगळे आहे आणि वरचे बरेचसे तुम्हाला लागू होणार नाही.