मैत्रिणीचं लग्न ठरलं, आणि मुलगा 'तोच' निघाला

"मॅडम, माझ्या जवळच्या मैत्रिणीचा साखरपुडा ठरलाय आणि मुलगा तोच आहे ज्याने मला दोन वर्षं फिरवलं आणि नंतर सगळ्यांना सांगितलं की आमचं काही नव्हतंच, हीच मागे लागली होती. मैत्रिणीला यातलं काही माहीत नाही. गप्प बसले तर मी खोटी, बोलले तर जळकी. आणि ती म्हणतेय साडी घ्यायला चल. काय करू?"

हिला आपण मेघा म्हणू. नाव आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात, आणि तिला विचारूनच लिहितेय. जुळे सोलापुरात राहते, नोकरी करते, ही मैत्रीण तिला नोकरीतच भेटलेली म्हणजे त्या जुन्या प्रकरणानंतरची, त्यामुळे तिला काही कळायचं कारणच नव्हतं. रविवारी दुपारी मैत्रिणीचा व्हॉट्सॲपवर फोटो आला, खाली "अगं सुपारी फुटली!!" मेघाने लगेच हार्ट टाकले, काँग्रॅट्स लिहिलं, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली, बाहेर आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

आल्या आल्या तिची पहिली तक्रार स्वतःबद्दलच होती, की मी ते हार्ट टाकले म्हणजे मी ढोंगीच ना. मी म्हणलं अजिबात नाही, बातमी कळल्यावर पहिल्या तासात कुणी पूर्ण खरं बोलावं अशी अपेक्षाच चुकीची आहे, काँग्रॅट्स ही रीत आहे, ती पाळलीस. फक्त त्याच्या पुढे जाऊ नकोस. "किती छान मुलगा मिळाला, लकी आहेस" असली वाक्यं पुढचे काही दिवस अजिबात टाइप करायची नाहीत, कारण उद्या खरं सांगायला गेलीस की मैत्रीण तोच मेसेज वर काढून विचारेल की मग हे काय होतं. (आणि स्टेटसला दर्दभरी गाणी लावायची नाहीत. हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येकजण लावतोच, मग मावशीपासून बॉसपर्यंत सगळे विचारतात काय झालं.)

मग आम्ही कागद घेतला. त्यावर तीन भाग केले, एकात मी स्वतः पाहिलं-ऐकलं ते, दुसऱ्यात लोकांकडून कळलं ते, तिसऱ्यात माझा अंदाज. दुखावलेल्या माणसाच्या डोक्यात या तिन्हीची खिचडी झालेली असते आणि त्याला ते सगळं एकसारखंच खरं वाटत असतं. मेघाच्या पहिल्या भागात आलं: दोन वर्षं आम्ही एकत्र होतो, घरी विचारतो म्हणाला, मग फोन घेणं बंद केलं, आणि एका वाढदिवसाला माझ्यासमोर चारचौघांत म्हणाला "आमचं काय नव्हतं रे". दुसऱ्यात, पुण्यात त्याची अजून एक होती म्हणे. तिसऱ्यात, हिलाही तो असाच फसवणार. मी दुसरा आणि तिसरा भाग खोडायला लावला. तिला आवडलं नाही, पुण्याचीच गोष्ट सगळ्यात मोठी आहे मॅडम, म्हणाली. पण मैत्रीण हे ऐकून त्याच्याकडेच जाणार, त्याने एक ऐकीव गोष्ट खोटी ठरवली की बाकीचं खरंही त्याबरोबर वाहून जातं.

उरलं त्यातलं सांगायचं किती, यासाठी मी एक प्रश्न विचारते. त्याने हेच तुझ्याऐवजी दुसऱ्या कुठल्यातरी मुलीशी केलं असतं आणि तुला पक्कं माहीत असतं, तर मैत्रिणीला सांगितलं असतंस का? मेघा बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, ब्रेकअप केलं हे नसतं सांगितलं, ब्रेकअप तर होतात, पण नंतर सगळ्यांसमोर नाही म्हणाला हे सांगितलं असतं. म्हणजे तेवढी माहिती मैत्रिणीच्या कामाची. बाकी जे आहे, ती रडलेल्या रात्री, त्याचे जुने मेसेज, ते खरंच आहे पण ते मैत्रिणीच्या ओटीत टाकायचं नाही, त्याला वेगळी जागा पाहिजे.

ती जागा म्हणजे वही. जेम्स पेनेबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1986 साली याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता, कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस रोज 15 मिनिटं आपल्या सगळ्यात त्रासदायक अनुभवाबद्दल लिहायला सांगितलं. लिहून झाल्यावर लगेच त्यांना उलट जास्त वाईट वाटलं, फायदा दिसला तो पुढच्या काही महिन्यांत. मेघाला मी हे आधीच सांगून ठेवलं, कारण पहिल्या दिवशीच्या लिहिण्यानंतर माणूस घाबरतो आणि वही फेकून देतो. आणि त्या रात्री मैत्रिणीला फोन करायचा नाही ही अट, कारण ताजं लिहिलेलं तोंडात येतं.

वही झाली की मग वाक्य बसवायचं. हे मी समोर बसून करून घेते, मोठ्याने बोलायला लावून. मेघाचं पहिलं वाक्य होतं, "तुझ्या भल्यासाठीच सांगतेय, तो मुलगा चांगला नाहीये." हा निकाल झाला, आणि निकाल दिला की मैत्रीण त्याची वकील होणार, दुसरं काय करेल बिचारी, तिने होकार दिलाय. दुसरं वाक्य अगदी उलटं, "मला आता काहीच वाटत नाही गं, फक्त तुला माहीत असावं म्हणून." हे म्हणताना तिचा गळा दाटला होता. जवळच्या मैत्रिणीला हे अर्ध्या मिनिटात ओळखू येतं आणि मग पुढच्या खऱ्यावरही तिचा विश्वास बसत नाही. बऱ्याच खटपटीनंतर जे ठरलं ते असं:

"तुझं ठरलं याचा आनंद आहे, आणि हे सांगताना मला जड जातंय. तुझी-माझी ओळख व्हायच्या आधी मी आणि तो दोन वर्षं एकत्र होतो. घरी विचारतो म्हणाला, मग फोन घेणं बंद केलं, आणि नंतर माझ्यासमोर लोकांना म्हणाला की आमचं काही नव्हतं. ते मला खूप लागलं होतं. तू काय करावंस हे मी सांगत नाहीये, ते तुझं तू ठरव. दुसरीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं एवढंच."

यात त्याच्या स्वभावाबद्दल एक शब्द नाही हे बघा. आणि शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं, कारण सोलापुरात हे लपून राहणार नव्हतंच, हळदीला कुणीतरी बोललंच असतं, आणि मग "तुला माहीत होतं आणि तू माझ्याबरोबर साड्या बघत फिरलीस" हे मैत्रिणीला लग्नाच्या गडबडीत गिळावं लागलं असतं.

वेळही ठरवली. साखरपुड्याच्या आधी, कारण हॉल बुक होऊन पाहुण्यांना फोन गेले की मुलीला मोकळेपणाने ऐकता येत नाही, ऐकलं तरी करणार काय. खरेदीच्या दिवशी नाही, तिच्या घरी काकूंसमोर नाही, फोनवर तर नाहीच. दोघी संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकडे गेल्या, मेघाने आधी विचारलं, "एक अवघड गोष्ट सांगायचीये, आत्ता चालेल का?" आणि मग बोलली.

मैत्रीण आधी गप्प. मग तिने विचारलं, "तुझं अजून आहे का काही त्याच्यावर?" हा प्रश्न शंभर टक्के येतो, तयारी नसेल तर माणूस तिथेच भांडायला लागतो. मेघाचं उत्तर तयार होतं आणि खरं होतं, "प्रेम नाही. राग आहे अजून, पण तो माझा मी बघते." सत्य सांगणं आणि मन मोठं ठेवणं दोन्ही या एका उत्तरात बसलं असं मला वाटतं, कारण तिने राग लपवला पण नाही आणि मैत्रिणीच्या डोक्यावर पण ठेवला नाही.

अपेक्षेप्रमाणे मैत्रिणीने त्याला विचारलं, आणि त्याचा मेघाला मेसेज आला, "हे करून काय मिळालं तुला?" तिने एकच ओळ पाठवली, "जे घडलं तेवढंच सांगितलं, यापुढे आपण बोलायची गरज नाही." तिला त्याचा स्क्रीनशॉट मैत्रिणीला पाठवायचा होता, बोटं शिवशिवत होती म्हणाली. मी थांबवलं. एकदा सांगितलं की सांगून झालं, त्यानंतर रोज एक पुरावा पाठवायला लागलीस तर मैत्रिणीला वाटणार की हिला माझं लग्न मोडायचंय. तसं मी तिला सरळ विचारलंही होतं, मोडलं तर बरं वाटेल का? हसली आणि म्हणाली, "वाटेल की थोडं." वाटू दे, त्यात काही पाप नाही, फक्त मैत्रीण "काय करू सांग" म्हणाली तर उत्तर द्यायची घाई करायची नाही.

मैत्रीण दोन आठवडे नीट बोलली नाही. लग्न मोडलं नाही. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणींना इथे हरल्यासारखं वाटतं, पण सांगण्याचा उद्देश तिला माहिती असावी हा होता आणि ती आता तिच्याकडे आहे, तिने ती घेऊन होकार दिला.

राहिला प्रश्न जायचं की नाही आणि किती. मैत्रिणीने थोड्या दिवसांनी स्वतःच फोन करून करवली हो म्हणलं. मेघाला त्याच्या शेजारी दिवसभर उभं राहणं जमणार नव्हतं, आणि ऑफिसचं काम आहे असली थाप एका ऑफिसात कशी चालणार! तिने सांगितलं, "स्टेजवर नाही जमणार गं मला, का ते तुला माहितीये. पण तुझ्या मेंदीच्या रात्री मी शेवटपर्यंत बसेन." साखरपुड्याला तासभर गेली, इरकल साडी मैत्रिणीच्या हातात दिली, जोडीचा फोटो टाळला. काकूंनी विचारलं का गं तू करवली नाहीस, तर म्हणाली "काकू, मेंदीचं खातं माझ्याकडे," जे खरंच होतं.

हे सगळं मन दुखावल्याच्या प्रकरणाला लागू आहे. त्याने मारहाण केली असेल, फोटोवरून धमकावलं असेल, पैसे उकळले असतील तर माझा सल्ला वेगळा असतो. तिथे शब्दांची एवढी नजाकत सांभाळत बसायचं नाही, कधी काय झालं ते तारखेसकट स्पष्ट सांगायचं, मेसेज डिलीट करायचे नाहीत, त्याला एकटीने भेटायचं नाही, आणि त्रास चालू असेल तर 181 या महिला हेल्पलाइनला फोन करायचा, फोटोंचं असेल तर cybercrime.gov.in वर तक्रार होते. तिथे साखरपुड्याला न जाणं हेही पूर्ण योग्य उत्तर आहे.

मेघाची मैत्रीण आता नांदतेय. मध्ये तिने चौघांनी मिळून तुळजापूरला जायचा प्लॅन काढला होता, मेघा आणि तिचा होणारा नवरा धरून. मेघाने मला न विचारताच कळवून टाकलं, तू एकटी असशील तर उद्या निघू, चौघं नको. मैत्रीण म्हणाली बरं, मग एसटीनेच जाऊ.