दुबईला काजूगर पाठवताना प्रोफॉर्मा, कमर्शियल आणि टॅक्स इन्व्हॉइस

प्रश्न: वेंगुर्ल्यात आमचा काजूचा छोटा कारखाना आहे. दुबईचा व्यापारी प्रोफॉर्मा मागतोय, कस्टम एजंट कमर्शियल आणि सीए टॅक्स इन्व्हॉइस म्हणतायत. यात फरक काय, आणि कुठलं कधी द्यायचं?

उत्तर: तिघांचंही बरोबर आहे, फक्त प्रत्येकाची वेळ वेगळी.

समजा सौदा ५०० किलोचा, दर किलोला ९ डॉलर आणि ३० टक्के आगाऊ. यासाठी आधी ४,५०० डॉलरचा प्रोफॉर्मा द्या. त्यात मालाची ग्रेड, दर, डिलिव्हरीची अट, बँकेचा तपशील आणि हा दर किती दिवस लागू राहील ते लिहा. तो दाखवून व्यापारी त्याच्या बँकेतून १,३५० डॉलर पाठवेल. पण ही अजून विक्री नाही, म्हणून प्रोफॉर्मा विक्रीच्या खात्यात घेऊ नका आणि त्याला बिलांच्या मालिकेतला नंबरही देऊ नका. खोकेवाल्यानं तुम्हाला नुसता प्रोफॉर्मा दिला असेल, तर त्यावर इनपुट क्रेडिटही मिळत नाही.

आता पॅकिंगच्या वेळी ठरलेल्या ग्रेडचा माल ४९० किलोच भरला असं धरा. कमर्शियल इन्व्हॉइस तेवढ्याचंच, म्हणजे ४,४१० डॉलरचं करा. प्रोफॉर्मावरचा आकडा तसाच उतरवला तर पॅकिंग लिस्टशी वजन जुळत नाही आणि माल तपासणीत अडकतो. इथलं आणि तिथलं कस्टम, दोघंही हाच कागद पाहतात.

टॅक्स इन्व्हॉइस आपल्या जीएसटी कायद्याचं. माल कारखान्यातून निघण्यापूर्वी किंवा निघताना ते व्हायलाच हवं, निर्यात असली तरी. माल एलयूटीवर, म्हणजे हमीपत्र देऊन कर न भरता पाठवताय की ५ टक्के आयजीएसटी भरून नंतर परतावा घेणार, ते त्यावर स्पष्ट लिहावं लागतं.

खरी अडचण यापुढे येते. कमर्शियलचा नंबर एक, टॅक्स इन्व्हॉइसचा दुसरा. एजंट शिपिंग बिलात, म्हणजे कस्टमकडे दाखल होणाऱ्या निर्यातीच्या कागदात पहिला टाकतो, सीए विक्रीच्या जीएसटीआर-१ विवरणपत्राच्या ६ए तक्त्यात दुसरा भरतो. आयजीएसटीच्या परताव्यासाठी शिपिंग बिल हाच अर्ज धरला जातो. दोन्हीकडचे नंबर आणि तारखा संगणक ताडून पाहतो, आणि जुळलं नाही की `SB005` ही त्रुटी दाखवून परतावा थांबतो. छोट्या कारखान्याचं खेळतं भांडवल त्यात अडकून पडतं, म्हणून हे कळकळीनं सांगतोय.

माझा सल्ला असा, की दोन्ही कामांसाठी एकच कागद करा. जीएसटीच्या मालिकेतला, जास्तीत जास्त १६ अक्षरांचा एकच नंबर, डॉलरमधली किंमत आणि कस्टमच्या जाहीर दरानं काढलेली रुपयांतली किंमतही त्यावरच. व्यापारी वेगळं कमर्शियल मागतच असेल, तर एजंटला दोन्ही द्या, पण शिपिंग बिलात टॅक्स इन्व्हॉइसचाच नंबर आणि तारीख टाकायला बजावून सांगा. शिपिंग बिल दाखल होण्याआधी त्याचा मसुदा, म्हणजे चेकलिस्ट मागवून ते स्वतः पाहा.

पुण्याच्या दुकानदाराला माल देताना मात्र कमर्शियलचा प्रश्नच येत नाही. त्यानं मागितला तर आधी प्रोफॉर्मा, आणि माल निघताना टॅक्स इन्व्हॉइस.