पानं पिवळी पडलीत, काय मारू?

*“शेतकरी व्हॉट्सअ‍ॅपवर चार प्रश्न एकदम पाठवतात. तीन नीट असतात, एक अगदी मोघम. तेव्हा उलट काय विचारायचं?”*

नीट प्रश्नांची उत्तरं त्याच वेळी द्या, मोघम प्रश्नापायी अडवू नका. अथणी-रायबागकडचा उसाचा खोडवावाला विचारतो, पाचट जाळू का? नको, सरीआड सरीत पसरा. सुपर फॉस्फेट वरून फेकलं तर चालेल? नाही, स्फुरद जागचं हलत नाही, मुळाजवळ मातीआड जायला हवं. आणि शेवटी येतं, “पानं पिवळी पडलीत, काय मारू?” इथं थांबायचं.

“फोटो पाठवा” म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. फोटोत एकच पान येतं, ते शेंड्याचं की बुडाचं हे कळत नाही, आणि सगळं तिथंच अडलेलं असतं. म्हणून पहिला प्रश्न एवढाच: “पिवळेपणा आधी शेंड्याच्या कोवळ्या पानांवर आला की खालच्या जुन्या पानांवर?” सरीत उभं राहून याचं उत्तर देता येतं.

ऊस कमी पडलेलं नत्र जुन्या पानातून काढून कोवळ्याला देतो, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. तिथं युरियाचा हप्ता बघायचा. लोह मात्र असं हलत नाही, त्यामुळं कमतरता शेंड्याला दिसते. उत्तर “शेंड्याला” आलं तरच दुसरा प्रश्न: “शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, की अख्खं पान फिकट?” हिरव्या शिरांचे पट्टे असतील तर लोह. अख्खं पान फिकं असेल तर गंधकाचा संशय घ्या.

चुनखडीच्या काळ्या रानात खोडव्याला बहुतेक लोहच कमी पडतं. तिथं युरिया ओतून पट्टे जात नाहीत. लोहासाठी जमिनीत टाकलेलं हिराकसही चुन्यामुळं लवकर अडकून बसतं, म्हणून फवारणीच करायची. पंधरा लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम हिराकस आणि १५ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. द्रावण ताजंच वापरा, तांबूस झालं की लोह पानाला लागू पडत नाही. नवीन पान हिरवं निघालं तर निदान बरोबर. आधीची पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही.

दुकानदार न विचारता सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण देतात, हे मला मान्य नाही. नत्र कमी असेल तर ते पैसे पाण्यात गेले.

दोन गोष्टी राहिल्या. पिवळेपणा फक्त सखल कोपऱ्यात असेल तर आधी मूळ उपटून बघायला सांगा. काळं आणि कुजका वास असेल तर चर काढून पाणी बाहेर काढायचं, फवारणी नको. आणि पानाच्या खालच्या बाजूनं फक्त मधली शीर पिवळी दिसत असेल तर तो विषाणूचा रोग असू शकतो. त्यावर औषध नाही, त्या रानातलं बेणं पुढच्या लागणीला घेऊ नका.

खानापूरकडच्या तांबड्या रानाला हा क्रम जसाच्या तसा लावू नका. तिथं माती आम्लधर्मी, लोह सहसा कमी पडत नाही.